रद्द उत्सवाचा जमाखर्च

सन २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापुरात पंचगंगेने जे रूप धारण केले, ते ज्यांनी पाहिले त्यांना त्याचे वर्णन नको आहे, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरेसे व्हावे, की राजाराम बंधाऱ्यावर ज्या नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते, ती ५५ फुटांच्याही वर गेली, शिरोलीपाशी राष्ट्रीय महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला आणि सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा सखल वस्त्यांतील कुटुंबे चीजवस्तू मागे टाकून बाहेर पडली. त्या वर्षीची गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला होती. म्हणजे पाणी ओसरून घरातील गाळ उपसण्याचे काम जेथे सुरू झाले होते, तेथेच अवघ्या दोन-अडीच आठवड्यांवर उत्सव येऊन ठेपला होता, आणि पेठापेठांतील तालीम मंडळांची पावतीपुस्तके मात्र बहुतांशी भरलेली होती.

अशा वेळी उत्सव रद्द करण्याचा निर्णय एका बैठकीत होतो. खरी कसोटी लागते ती त्याचे निवेदन लिहिताना. पुढील संवाद कल्पित आहे. त्यातील मंडळ, त्यातील दोन व्यक्ती आणि त्यांचे आकडे उदाहरणादाखल योजलेले आहेत. परंतु प्रसंग खरा आहे, आणि त्यातील अडचणी त्या वर्षी ज्यांच्या हाती वर्गणीची पेटी होती त्यांच्या परिचयाच्या असतील. बोलणाऱ्यांपैकी आबा हे अनेक वर्षे खजिनदारपद सांभाळणारे गुळाचे अडते, आणि वकीलबाई म्हणजे मंडळाच्याच पेठेत वाढलेल्या, दिवाणी न्यायालयात वकिली करणाऱ्या नव्या चिटणीस.

आबा : वकीलबाई, तुमचा मसुदा वाचला. अक्षर सुरेख, भाषा सुरेख. पण तीन ओळींत संपणारे काम तुम्ही दोन पाने का लांबवले, हे काही मला उमगले नाही. ‘महापुरामुळे यंदाचा गणेशोत्सव रद्द करण्यात आला आहे, जमलेली वर्गणी पूरग्रस्तांस देण्यात येईल, भक्तांनी नोंद घ्यावी.’ एवढे फळ्यावर लिहिले, की पेठ समजून जाईल.

वकीलबाई : पेठ समजून जाईल खरे, आबा, पण प्रत्येक जण निराळे समजेल. ‘उत्सव रद्द’ म्हटल्यावर कोणी म्हणेल गणपतीच बसणार नाही, कोणी म्हणेल केवळ मिरवणूक नाही, आणि ज्याला मंडपाचे काम दिले आहे तो म्हणेल की आपले उरलेले पैसे बुडाले. म्हणून मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे, की मंडप, आरास, रोषणाई, महाप्रसाद, स्मरणिका आणि विसर्जनाची मिरवणूक हे सर्व रद्द; तालमीच्या दालनात लहान शाडूच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा आणि दोन वेळची आरती मात्र होईल, आणि तिचा खर्च कार्यकारिणीचे सभासद स्वतः करतील. त्याखाली ठरावाची तारीख आणि सभेला हजर असलेल्यांची संख्या घातली आहे, कारण निर्णय कोणाचा हे न सांगणारे निवेदन उद्या अफवेच्या पंक्तीला जाऊन बसते.

आबा : तेवढे मान्य. परंतु पुढचा परिच्छेद मला खटकतो. ‘वर्गणीदारांस रक्कम परत मागण्याचा पर्याय राहील.’ देवाला वाहिलेले परत मागण्याची आपल्याकडे रीत नाही. मी इतकी वर्षे पेटी सांभाळली. आजवर एकही मनुष्य माझ्यापाशी वर्गणी परत मागायला आला नाही.

वकीलबाई : कारण आजवर एकदाही उत्सव रद्द झाला नाही. आणि कायद्याचा प्रश्न असेल, तर तो तुमच्याच बाजूने झुकतो, हे मी प्रथमच कबूल करते. एकदा स्वेच्छेने हाती दिलेली देणगी परत द्यावी असा दावा सहसा टिकत नाही. पण पावतीवर आपण काय छापले आहे ते पाहा : ‘श्रीगणेशोत्सव सन २०१९ प्रीत्यर्थ’. मनुष्याने पैसा दिला तो विशिष्ट वर्षाच्या विशिष्ट कार्यासाठी, आणि ते कार्य होणार नाही. अशा वेळी तो पैसा दुसऱ्या कार्याला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पूरग्रस्तांना मदत करणे हे पुण्यकर्म आहे यात वाद नाही. परंतु दुसऱ्याच्या पैशाने पुण्य करण्याआधी त्याला विचारावे, एवढेच मी म्हणते. शिवाय आपले मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले आहे. आपल्या घटनेत उद्देश म्हणून उत्सव आणि शारीरिक शिक्षण एवढीच दोन नावे आहेत. मदतकार्याचा शब्दही नाही. हिशेब तपासणारा उद्या यावरच बोट ठेवील.

आबा : बरे, तुमचे म्हणणे क्षणभर मान्य करू. मग परत द्यायला पैसा आहे का, हे आधी बघू या. माझी रोजमेळ कीर्द उघडा. घराघरांतून आणि दुकानांतून वर्गणी जमली १,८०,००० रुपये. स्मरणिकेच्या जाहिरातींचे आले ६०,०००. एकूण २,४०,०००. त्यातून मंडपवाल्याला विसार दिला ३०,०००, मूर्तिकाराला १५,०००, रोषणाईवाल्याला १०,०००, आणि पावत्या, पत्रके, कागद यांचे छपाईखर्चाचे ५,०००. म्हणजे ६०,००० गेले आणि हाती राहिले १,८०,०००. रोषणाईवाला भला माणूस, त्याने आपला विसार परत पाठवला. हाती झाले १,९०,०००. आता सांगा, यातून कोणाला किती देणार?

वकीलबाई : प्रथम जाहिरातदारांना, पुरते ६०,०००. ती वर्गणी नव्हे, ती किंमत आहे. त्यांनी स्मरणिकेतील पान विकत घेतले होते, पान छापले जाणार नाही, तेव्हा १८७२ च्या कराराच्या कायद्याचे कलम ६५ त्यांना सरळ लागू पडते : करार निष्फळ ठरला तर घेतलेला लाभ परत केला पाहिजे. यात दयेचा प्रश्न नाही. वर्गणी आणि जाहिरात या दोन रकमा एकाच पेटीत पडल्या म्हणून त्या एका जातीच्या होत नाहीत, आणि निवेदनात त्यांची सरमिसळ झाली तर एखादा दुकानदार ‘माझे पान बुडवून तुम्ही माझ्याच नावाने दान केले’ असे म्हणेल, ते खरेच असेल.

आबा : मग उरले १,३०,०००, आणि वर्गणीदारांचे देणे १,८०,०००. हिशेब सरळ आहे. रुपयामागे बहात्तर पैसे. ज्याने हजार दिले त्याला सातशे वीस. आमच्या बाजारात व्यापारी अडचणीत आला की देणेकरी असेच वाटून घेतात आणि कोणी तोंड वाकडे करीत नाही.

वकीलबाई : पण बुडाले किती, हे तरी आधी नेमके पाहू या. मंडपवाल्याकडचे ३०,००० बुडालेले नाहीत. त्याने लिहून दिले आहे की पुढील वर्षी ते वळते करून घेईन. ती मंडळाची येणे रक्कम आहे, नुकसान नव्हे. खरे गेले ते छपाईचे ५,००० आणि मूर्तिकाराचे १५,०००, मिळून २०,०००. आणि हा खर्च वर्गणीदारांनी केला नाही, आपण केला. पावसाळ्यात नदीकाठच्या पेठेत महिनाभर आधी विसार देण्यात जोखीम होती, आणि ती जोखीम मंडळाची होती. बँकेत गतवर्षीची शिल्लक ५०,००० आहे. ती यात घातली, तर प्रत्येक वर्गणीदाराला पै न पै परत करता येते.

आबा : आणि मंडळ पुढील वर्षी रिकाम्या पेटीने उभे राहते! वकीलबाई, ही शिल्लक आकाशातून पडली नाही. गतवर्षीच्या वर्गणीदारांनी ती दिली, त्यांतील काही पेठ सोडून गेले, काही निवर्तले. त्यांनी दिलेल्या पैशातून यंदाच्या लोकांची भरपाई करायची, हे तुमच्या त्या ‘विशिष्ट वर्षाचे विशिष्ट कार्य’ या तत्त्वात कसे बसते?

वकीलबाई : हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला मी अर्धेच उत्तर देऊ शकते. गतवर्षीचे कार्य पार पडले, हिशेब मंजूर झाला, आणि सर्वसाधारण सभेने शिल्लक पुढे ओढण्यास संमती दिली. तेव्हापासून ती मंडळाची गंगाजळी झाली. अडीअडचणीसाठीच ती ठेवली होती. याहून मोठी अडचण कोणती येणार? पण ती वापरायची तर कार्यकारिणीच्या ठरावाने नव्हे, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने, आणि निवेदनात आकड्यासह लिहून. शिवाय सगळेच जण परत मागणार नाहीत, हे तुमचेच भाकीत आहे. तेव्हा ५०,००० पैकी किती लागतील हे मुदत संपल्यावरच कळेल.

आबा : मूर्तिकाराचे काय करता? कुंभार गल्लीत त्याच्या शेडमध्ये छातीएवढे पाणी होते. शाडूच्या मूर्ती विरघळून गेल्या, साचे वाहून गेले, रंगाचे डबे गाळात रुतले. त्याच्याकडे विसार मागायला मी जाणार नाही, हे सांगून ठेवतो.

वकीलबाई : मीही जाणार नाही. पण न मागणे आणि सोडून देणे यांत हिशेबाच्या दृष्टीने अंतर आहे. नुसते न मागितले, तर ती रक्कम कीर्दीत वर्षानुवर्षे ‘येणे’ म्हणून लोंबत राहील आणि एखादा नवा खजिनदार त्याच्या दारात जाऊन उभा राहील. खर्ची टाकली, तर मूर्ती मिळाली असा खोटा अर्थ होईल. म्हणून ठरावात स्पष्ट लिहू या, की पुरात मूर्तिकाराचे नुकसान झाल्यामुळे १५,००० रुपयांचा विसार मंडळाने सोडून दिला आहे. त्याला तसे पत्रही देऊ. तो पैसा आपल्या एकट्याचा नाही, म्हणून आपले औदार्य कागदावर असले पाहिजे.

आबा : हे मात्र मला पटले. आता दुसरी गोष्ट. बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याने कमानीसाठी २५,००० देण्याचे सभेत कबूल केले होते. त्याच्या शब्दावर विसंबून आपण मंडपाचे काम मोठे दिले. आता तो म्हणतो, उत्सव नाही तर देणे नाही. तुमचा कायदा इथे काय म्हणतो?

वकीलबाई : कायद्यात याच स्वरूपाचा एक जुना आणि प्रसिद्ध निवाडा आहे. हावड्याला नगरभवन बांधण्यासाठी वर्गणीची यादी फिरली, एका गृहस्थाने शंभर रुपये मांडले, त्या आकड्यांवर विसंबून ठेकेदाराशी करार झाला, आणि मग गृहस्थाने हात आखडता घेतला. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८८६ मध्ये ठरवले, की ज्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने जबाबदारी अंगावर घेतली तो शब्द बंधनकारक होतो. तुमच्या व्यापाऱ्यावर तो निवाडा रोखता आला असता, जर कमान उभी राहिली असती. पण नगरभवन बांधले जाणार होते. आपली कमान उभी राहणार नाही, आणि मंडपाचा विसार तर पुढील वर्षी वळता होणार आहे. मग त्याच्याकडून घेऊन आपण ते कशाला लावणार? निवेदनात एकच वाक्य पुरे : ज्यांनी रकमा कबूल केल्या परंतु भरल्या नाहीत, त्यांच्यावर यंदापुरते कोणतेही येणे नाही.

आबा : सोडला मी त्याला. पण आता माझा मूळ मुद्दा ऐका, आणि तो भावनेचा म्हणून बाजूला सारू नका. तुम्ही पर्याय द्यायचा म्हणता. परत घ्या, किंवा मदतीस द्या, किंवा पुढील वर्षासाठी ठेवा. यादी काढून पाहा. निम्मे लोक उत्तरच देणार नाहीत. ज्याच्या घरात गाळ आहे तो तुमचा अर्ज भरणार आहे का? तो पंधरा दिवसांत तालमीत येऊन पावती दाखवणार आहे का? त्याची पावती तर कपाटासकट भिजली. तुमची ही व्यवस्था ज्याला फुरसत आहे त्याच्या सोयीची आहे. ज्याला पैशाची खरी गरज आहे तोच तिच्यातून सुटतो.

वकीलबाई : आबा, हा दोष माझ्या मसुद्यात होता आणि तो तुम्ही नेमका दाखवला. तर असे करू. पावती मागायची नाही. पावतीपुस्तकातील आपली स्थळप्रत हाच पुरावा मानायचा. आणि सुतारवाड्यातील, दुधाळीतील जे वर्गणीदार आहेत त्यांची यादी स्थळप्रतींवरूनच काढून, त्यांनी मागण्याची वाट न पाहता, दोन कार्यकर्त्यांनी त्यांच्या तात्पुरत्या मुक्कामी जाऊन रक्कम रोख द्यायची आणि सही घ्यायची. त्यांतील कोणी ‘राहू द्या’ म्हणाला, तरी पैसे आधी त्याच्या हातात ठेवून मग त्याला ठरवू द्यायचे. बाकीच्यांसाठी अनंतचतुर्दशीपर्यंत, म्हणजे १२ सप्टेंबरपर्यंत मुदत.

आबा : आणि जे गप्प राहतील? माझे म्हणणे असे, की गप्प राहणे म्हणजे संमती. ‘मुदतीत न कळवल्यास रक्कम मदतीस दिली जाईल’ एवढे लिहा. गाळात उभ्या असलेल्या माणसाला आज घोंगडी हवी, तुमच्या बँकेत पडलेल्या पैशाचा त्याला काय उपयोग?

वकीलबाई : न्यायालयात मी रोज पाहते, की मौनाचा अर्थ ज्याला जो सोयीचा तो तसा लावतो. परगावी गेलेला, आजारी असलेला, निवेदन न वाचलेला, या सर्वांचे मौन तुम्ही दानपत्र म्हणून वाचणार? परत देणे किंवा ठेवणे ही चूक ठरली तर ती पुढे सुधारता येते. देऊन टाकलेले सुधारता येत नाही. म्हणून गप्प राहिलेल्यांची रक्कम बँकेत स्वतंत्र अनामत खात्यावर ठेवावी, आणि तिचे काय करायचे ते पुढील वार्षिक सभेने ठरवावे. मदतीची निकड मला दिसते. तिच्यासाठी तालमीच्या दारात निराळी पेटी ठेवू, तिच्यावर ‘पूरसाहाय्य’ एवढेच लिहू, आणि घटनेत त्या उद्देशाची भर घालण्याचा प्रस्ताव याच सभेत मांडू. त्या पेटीत पहिली रक्कम माझी.

आबा : दुसरी माझी. पण गप्प राहिलेल्यांबद्दल तुम्ही माझे मन वळवले नाही, हे लिहून ठेवा. प्रसादाचा रवा आणि साखर मात्र ज्याने दिली त्याला मी आजच विचारून निवारा केंद्रात पोचवतो. तो माल सभेची वाट पाहणार नाही.

वकीलबाई : तो शिधा आहे, त्याला मुदत नाही; जरूर पोचवा. आता शेवटचा परिच्छेद, पुढील योजना. पुढील वर्षापासून उत्सवाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत एकूण वर्गणीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम विसारात गुंतवायची नाही. विसार देताना ‘पूर किंवा सरकारी मनाईमुळे उत्सव न झाल्यास परत अथवा पुढील वर्षी वळता’ असे लिहून घ्यायचे. आणि पावतीवर छापायचे : ‘उत्सव रद्द झाल्यास ही रक्कम (१) परत, (२) मदतीस, (३) पुढील वर्षासाठी’, आणि वर्गणी देतानाच माणसाने खूण करायची. म्हणजे मौनाचा तुमचा-माझा वादच उरणार नाही.

आबा : गणपतीच्या पावतीवर ‘उत्सव रद्द झाल्यास’! गृहप्रवेशाच्या आमंत्रणावर वास्तू कोसळल्यास काय करावे ते छापण्यासारखे झाले हे. वर्गणीला गेलेला पोरगा पहिल्याच दारातून हात हलवीत परत येईल.

वकीलबाई : मग मागल्या बाजूला छापू.

आबा : मागल्या बाजूला, आणि बारीक अक्षरांत.

वकीलबाई : मागल्या बाजूला, अक्षर मात्र वाचता येईल एवढे.

येथे मसुदा पुरा झाला असे समजू. या दोघांच्या वादात ज्या गोष्टीवर शेवटपर्यंत एकमत झाले नाही, ती गोष्ट पुढच्याच वर्षी अनपेक्षित रीतीने कसोटीला लागली असती. सन २०२० मध्ये उत्सवावर संकट आले ते नदीचे नव्हे, साथीचे; आणि साथीच्या निवेदनाचे स्वरूप पुराच्या निवेदनाहून मुळातच भिन्न होते. पुराने मंडळांना गाठले ते वर्गणी जमून विसार दिल्यानंतर. साथीची चाहूल मात्र चतुर्थीच्या कितीतरी आधी लागली होती : लालबागच्या सार्वजनिक मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि रक्तद्रवदानाचा ‘आरोग्योत्सव’ करण्याचा निर्णय जुलैच्या आरंभीच जाहीर केला, आणि ११ जुलै रोजी राज्य सरकारने जी मार्गदर्शक सूचना काढली तिने सार्वजनिक मूर्तीची उंची ४ फुटांवर आणून ठेवली व वर्गणी कोणी स्वेच्छेने दिली तरच स्वीकारावी असे सांगितले. चतुर्थी होती २२ ऑगस्टला. म्हणजे त्या वर्षी पुष्कळ मंडळांपुढे परताव्याचा प्रश्न फारसा आलाच नाही, कारण घेण्याआधीच थांबण्याची सवड मिळाली. साथीच्या निवेदनाला ‘आम्ही काय घेणार नाही’ हे सांगायचे असते. पुराच्या निवेदनाला ‘आम्ही घेतलेले कोठे आहे’ हे सांगावे लागते, आणि हे दुसरे काम अधिक अवघड आहे.

परंतु त्याच साथीने वकीलबाईंच्या एका कलमातील उणीव उघडी पाडली असती. गप्प राहिलेल्यांची रक्कम त्यांनी पुढील वार्षिक सभेच्या स्वाधीन केली होती. आणि २०२० च्या त्या महिन्यांत माणसांनी एकत्र जमण्यासच मनाई होती. सभा नाही, म्हणून ठराव नाही, आणि ठराव नाही म्हणून अनामत खात्यातील रक्कम ना वर्गणीदाराची, ना मदतीची, ना उत्सवाची, अशा अवस्थेत पडून राहिली असती, आणि आबांनी ‘मी सांगत होतो’ एवढेच म्हटले असते. तरीही वकीलबाईंची बाजू मला अधिक टिकाऊ वाटते. पडून राहिलेली रक्कम उशिरा का होईना धन्याला पोचवता येते. मात्र तिच्या निर्णयाला सभेचा नव्हे, तारखेचा बांध हवा. ‘अमुक दिवसापर्यंत सभा न भरल्यास रक्कम स्थळप्रतीवरील पत्त्यावर परत धाडली जाईल’ एवढे एक वाक्य त्या मसुद्यात आणखी असते, तर दोघांचेही समाधान झाले असते. आबांचे थोडे कमी.